fu;ekoyh म्हणजे नियमावली

आमच्या वसुंधरेतल्या मराठी मंडळाची नियमावली 2004 साली टाइप झाली. राजनगरच्या कचेरीबाहेर टंकलेखकांच्या टपऱ्या असत, त्यातल्या एकाने ती वर्ड 2003 मध्ये करून दिली. आधी हिंदी मसुदा, रजिस्ट्रारसाठी. त्याच फाइलीत पुढे मराठी मसुदा, सभासदांसाठी. एकूण अकरा पानं आणि शेवटच्या पानावर सह्यांचा तक्ता. उत्तर प्रदेशात संस्थेच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आजवर जुन्या छापील प्रतीची झेरॉक्स जोडून भागलं. या वेळी तीन कलमं बदलायची होती, म्हणून वीस वर्षांनी मूळ फाइल उघडली. उघडली, आणि मंडळात भांडण लागलं.

फाइलीचे शब्द गायब होते. देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा पेंढा. खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलीच्या नावापुढे `Compatibility Mode`. पानं अकराची बारा झालेली, आणि सह्यांचा तक्ता एकटाच बाराव्या पानावर. सचिवकाकांनी निदान तिथल्या तिथे केलं: "हा कम्पॅटिबिलिटी मोड आहे ना, त्यानेच वाट लावलीय." छपाईच्या दुकानातल्या मुलाने इलाजही सांगितला: "अंकल, कन्वर्ट मार दूँ? सब ठीक हो जाएगा."

निदान चूक, इलाजही चूक. आणि दोन्ही चुका इतक्या घराघरांत होतात की आजचं सदर त्यावरच खर्च करतो.

आधी आरोपीची सुटका करू. कम्पॅटिबिलिटी मोड फाइल बिघडवत नाही, ती बिघडू नये म्हणून झटतो. वर्ड 2007 बरोबर `.docx` हा नवा साचा आला. त्याआधीची `.doc` फाइल नव्या वर्डमध्ये उघडली की वर्ड जुन्या आवृत्तीचे मांडणीचे नियम लावतो आणि त्या साच्यात न बसणाऱ्या नव्या सोयी बंद ठेवतो. एवढंच त्या पट्टीचं म्हणणं. शेवट `.docx` असला म्हणून फाइल नवीच असते असंही नाही. 2007 किंवा 2010 च्या वर्डमध्ये केलेली `.docx` आजच्या वर्डमध्ये उघडली तरी तीच पट्टी दिसते. नक्की कोणत्या काळाचे नियम चालू आहेत ते पाहायचं असेल तर `Alt+F11` दाबा, मग `Ctrl+G`, आणि खालच्या चौकटीत ही ओळ लिहून एंटर करा:

```
? ActiveDocument.CompatibilityMode
```

उत्तर 11 आलं तर वर्ड 2003 पर्यंतचे नियम, 12 म्हणजे 2007 चे, 14 म्हणजे 2010 चे, 15 म्हणजे 2013 चे. त्यानंतर 2016, 2019 अशा आवृत्त्या आल्या, पण हा आकडा 15 वरच राहिला. आमच्या फाइलीने 11 सांगितलं. म्हणजे वर्ड आपलं काम चोख करत होता.

मग ओळी का हलल्या? फॉन्टमुळे. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने सगळा मजकूर कृतिदेव 010 मध्ये टाइप केला होता. उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्यांचा तोच धर्म. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून वर्डने स्वतःच्या मनाने दुसरा लावला. वाईट हे, की `Home` वरच्या फॉन्टच्या खिडकीत नाव मात्र कृतिदेवचंच दिसत राहतं, त्यामुळे माणूस फसतो. खरं पाहायचं असेल तर `File > Options > Advanced` मध्ये खाली `Show document content` या भागात `Font Substitution` असं बटण आहे. ते दाबलं की डावीकडे हरवलेल्या फॉन्टचं नाव आणि उजवीकडे त्याच्या जागी बसवलेला फॉन्ट दिसतो. फाइल बदललेली दिसली की पहिलं बोट या बटणावर जायला हवं, कन्व्हर्टवर नाही.

फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, हे कुणीही मान्य करेल. ओळींमधलं अंतरही बदलतं, हे लोकांना पटत नाही. "अहो, पण स्पेसिंग सिंगलच आहे की!" सचिवकाका म्हणाले. सिंगल हे मोजपट्टीवरचं माप नाही. त्या फॉन्टच्या स्वतःच्या उंचीची एक ओळ, असा त्याचा अर्थ. फॉन्ट उंच असेल तर सिंगल उंच, बुटका असेल तर सिंगल बुटकं. टाइम्सच्या सिंगलमध्ये आणि मंगलच्या सिंगलमध्ये, आकार एकच ठेवला तरी, डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. पानभरात तीस-पस्तीस ओळी असतात, आणि प्रत्येक ओळ केसभर वाढली तरी पानाच्या तळाशी दोन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात. अकरा पानांत तेवढ्याने तक्ता उडतो.

कृतिदेव लॅपटॉपवर बसवला. अक्षरं परत आली, पानं पुन्हा अकरा झाली, तक्ता आपल्या जागी बसला. कम्पॅटिबिलिटी मोड अजून चालूच होता. आरोपी निर्दोष होता, याहून वेगळा पुरावा नको.

दरम्यान दुकानातल्या मुलाने आणखी एक प्रयोग करून ठेवला होता. त्याने फाइलीतला सगळा मजकूर उचलून कोऱ्या नव्या फाइलीत चिकटवला, आणि परिच्छेदांमध्ये मोकळ्या पट्ट्या पडल्या. हेही लोक कन्व्हर्टच्या नावावर खपवतात. जुन्या फाइलीच्या स्टाइली जुन्या फाइलीतच साठवलेल्या असतात. फाइल उघडून किंवा कन्व्हर्ट करून `Normal` स्टाइलचं अंतर आपोआप नवं होत नाही. चिकटवल्यावर मात्र होतं, कारण दोन्ही फाइलींत `Normal` नावाची स्टाइल असली की वर्ड, सेटिंग बदललेलं नसेल तर, यजमान फाइलीचीच मानतो. वर्ड 2003 च्या `Normal` मध्ये परिच्छेदानंतर शून्य अंतर होतं. 2007 ने ते 10 पॉइंट केलं आणि ओळीचं अंतर 1.15, 2013 ने ते 8 पॉइंट आणि 1.08 केलं. नियमावलीत दीडशेच्या वर परिच्छेद आहेत. प्रत्येकाखाली 8 पॉइंट मोजा, दोन पानं नुसती हवा भरली. जुनी फाइल नवी करायची असेल तर तिच्यातला मजकूर कोऱ्या फाइलीत चिकटवू नका, एवढं तरी आमच्या भांडणातून उचला.

आता कन्व्हर्ट. एवढं सगळं करून आम्ही ते बटण दाबलं का? दाबलं. पण प्रतीवर दाबलं, आणि त्याआधी मूळ `.doc` वरून एक पीडीएफ काढून ठेवली. कारण `File > Info > Convert` दाबलं की वर्ड एक सूचना दाखवतो, जी कुणी वाचत नाही: मांडणी बदलू शकते, आणि रूपांतरित फाइल मूळ फाइलीची जागा घेईल. सेव्ह केलं की जुनी गेली. त्यापेक्षा `Save As` करून `.docx` निवडा आणि `Maintain compatibility with previous versions of Word` या ओळीपुढची खूण काढा. काम तेच होतं, आणि जुनी फाइल शेजारी जिवंत राहते. ज्या प्रतीवर 2004 साली माणसांनी सह्या केल्या, तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळणारी फाइल ही एकच आहे. ती पुसण्याचा अधिकार कुठल्याही सचिवाला नाही. मी हे सभेत बोललो, आणि आवाज चढवून बोललो.

बदललं काय? आकडा 11 चा 15 झाला, पट्टीवरचा मजकूर गेला. पानं अकराच राहिली. ठळक फरक एकच, सह्यांचा तक्ता उजवीकडे सरकला. 2010 पर्यंतच्या नियमात तक्त्यातला मजकूर समासाशी जुळे आणि चौकटीची रेघ डावीकडे बाहेर डोकावे. 2013 पासून रेघ समासाशी जुळते आणि मजकूर आत जातो. फरक पेशीच्या आतल्या मोकळ्या जागेइतका, म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये 0.08 इंच, जेमतेम दोन मिलिमीटर. साध्या पत्रात कुणाच्या लक्षातही येणार नाही. छापील नमुन्यावर किंवा लेटरहेडवर मजकूर नेमका बसवायचा असेल तर मात्र दोन मिलिमीटर पुष्कळ झाले. तेव्हा कन्व्हर्टनंतर पीडीएफ आणि नवी फाइल शेजारी ठेवून आधी तक्ते पाहा, मग पानांचे तळ पाहा. बाकी मजकूर शेवटी.

इथे मुलगा म्हणाला, "हो गया न अंकल, नया फॉरमॅट." सचिवकाकांनीही मान डोलावली. मला राहवेना. मी त्यांना नव्या फाइलीत `Ctrl+F` दाबून "सभा" हा शब्द शोधायला सांगितलं. सभेच्या नियमांची नियमावली, पण वर्डला एकही "सभा" सापडेना. मग `lHkk` शोधायला सांगितलं. धडाधड पिवळ्या खुणा उमटल्या.

मूळ दुखणं हे आहे. कन्व्हर्टने पेटी बदलली, आतला माल बदलला नाही. `.docx` ही खरं तर झिप फाइल असते. प्रतीचं नाव बदलून शेवट `.zip` केला की ती उघडता येते, आणि `word` फोल्डरमधल्या `document.xml` मध्ये मजकूर जसा साठवलाय तसा दिसतो. आमच्या नियमावलीचं शीर्षक तिथे असं होतं:

```xml
<w:rFonts w:ascii="Kruti Dev 010" w:hAnsi="Kruti Dev 010"/>
<w:sz w:val="32"/>
<w:t>fu;ekoyh</w:t>
```

कृतिदेव हा रोमन अक्षरांवर देवनागरी चित्रं चढवलेला फॉन्ट आहे. `u` वर न चं चित्र, `;` वर य चं, `e` वर म चं. संगणकाच्या लेखी तिथे देवनागरी कधी नव्हतीच. फॉन्ट काढला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात, आणि पहिल्या दिवशी आम्ही पाहिलेला पेंढा तो हाच. महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फाइलींची गत हीच आहे, फक्त खालच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. नवा साचा, पंधराचा आकडा, सगळं होऊनही ही फाइल मराठी नाही. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नाही.

खरं रूपांतर इथून पुढे, युनिकोडमध्ये. `e` च्या जागी म ठेवला की झालं, असं ते नाही. वरचा `fu;e` पाहा. पहिली वेलांटी, `f`, न च्या आधी आहे, कारण टंकलेखक डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने बोटं चालवतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, आधी न, मग वेलांटी. रफाराचं उलटं. "कार्य" कृतिदेवमध्ये `dk;Z` आहे, रफाराचा `Z` सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये र् हा य च्या आधी यायला हवा. म्हणून चांगला परिवर्तक अक्षरं बदलतो आणि मग त्यांची जागाही बदलतो. चाचणी सोपी आहे. "नियम", "कार्यकारिणी", "निर्णय" हे तीन शब्द आधी रूपांतरित करून पाहा. वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला असेल तर तो परिवर्तक बंद करा.

आमच्या फाइलीत याहून गोत्यात आणणारी गोष्ट विरामचिन्हांची निघाली. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाचा ठिपका `-` या कळीवर आहे, जोडरेघ `&` वर, स्वल्पविराम `]` वर. म्हणजे "कलम 3.2" फाइलीत `3-2` म्हणून पडलेलं असतं. परिवर्तकाने ते तसंच सोडलं तर कलम 3.2 चं "3-2" होतं, आणि वाचणारा ते "तीन ते दोन" किंवा "तीन वजा दोन" असं काहीही वाचेल. उलट बाजूने, पत्ता आणि ईमेल इंग्रजीत, टाइम्समध्ये टाइप केलेले होते. सगळी फाइल सरसकट परिवर्तकात घातली तर त्या खऱ्या इंग्रजीचंही देवनागरी भरताड होतं, आणि खरी जोडरेघ ठिपका बनते. म्हणून `Find` मध्ये शब्द न लिहिता `Format > Font` मधून कृतिदेव 010 निवडायचा आणि तेवढाच मजकूर उचलायचा. वेळ लागतो. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

मजकूर युनिकोड झाला आणि अंतराचं भूत पुन्हा उठलं, या वेळी रास्त कारणाने. कृतिदेवची अक्षरं अंगाने लहान, म्हणून टंकलेखकाने 16 पॉइंट ठेवले होते. वरच्या तुकड्यातला 32 हा आकडा तोच, कारण तिथे अर्ध्या पॉइंटात मोजतात. मंगलमध्ये 16 पॉइंट लावले तर अकरा पानांची चौदा झाली. शिवाय वर्ड देवनागरीला वेगळ्या खात्यात ठेवतो. रोमनचा फॉन्ट आणि आकार एका जागी, देवनागरीसारख्या लिप्यांचा दुसऱ्या. `Ctrl+D` दाबल्यावर `Latin text` आणि `Complex scripts` असे दोन कप्पे दिसतात ते यासाठी (दुसरा दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा). कृतिदेवचा मजकूर, संगणकाच्या लेखी रोमन असल्याने, पहिल्या कप्प्यात होता. युनिकोड होताच तो दुसऱ्या कप्प्यात गेला, आणि तिथे काही ठरवलेलंच नव्हतं. म्हणून काही परिच्छेद एकदम बारीक आणि काही मोठे दिसू लागले. ते पाहून पुन्हा कुणीतरी "कन्व्हर्टने बिघडवलं" म्हणालं. आम्ही `Complex scripts` मध्ये सगळीकडे 12 पॉइंट ठरवले आणि पानं दहावर आली.

फॉन्ट निवडताना एक पाहा. विंडोज 10 पासून मंगल प्रत्येक यंत्रात आयता नसतो, तो देवनागरीच्या जादा फॉन्टांच्या गठ्ठ्यात, मागितला तरच मिळतो. निर्मला यूआय मात्र सोबत येतो. फाइल चार जणांकडे जाणार असेल तर निर्मला घ्या, नाहीतर पहिल्या दिवसाचा खेळ पुन्हा सुरू. ओळींचं अंतर कुठल्याही यंत्रावर हलू नये म्हणून आम्ही `Exactly` घालून 18 पॉइंट बांधून टाकलं. आधी मोहाने 14 केलं होतं, तेव्हा "कार्यकर्ते" मधले रफार आणि मात्रा वरून कापल्या गेल्या. पडद्यावर दिसलं नाही, कागदावर दिसलं. `Exactly` बांधलंत तर एक पान छापून त्यावरचे रफार मोजा.

एक सावधगिरी त्यांच्यासाठी, ज्यांना हे सगळं न करता जुन्या कृतिदेव फाइलीतच दोन शब्द बदलायचे आहेत. `AutoCorrect` मधलं वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं आधी बंद करा. वर्डला ती इंग्रजीच वाटते. वाक्याच्या सुरुवातीला "नियम" टाइप केलंत, म्हणजे `fu;e`, तर तो `f` चा `F` करतो, आणि कृतिदेवमध्ये `F` म्हणजे अर्धा थ. नियमाची वेलांटी जाऊन तिथे थ् येतो. 

आता आमच्या फोल्डरमध्ये तीन फाइली आहेत. 2004 ची `.doc`, जिला कुणी हात लावायचा नाही. तिची पीडीएफ, सह्यांच्या प्रतीशी पान न् पान जुळणारी. आणि युनिकोडमधली `.docx`, जिच्यात तीन कलमं बदलली. सचिवकाकांनी परवा भर सभेत फोनवर "गणपूर्ती" शोधलं आणि कलम वाचून दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच गणपूर्तीवरून वाद झाला नाही.

शेवटचं काम मात्र कुठल्याही बटणाला जमलं नाही. कृतिदेवमध्ये ळ आहे, मोठ्या `G` वर. पण हिंदी टाइप करणाऱ्या हाताला तो कशाला आठवेल? त्याने मराठी मसुद्यातही सगळीकडे `eaMy` टाइप केलं होतं, आणि परिवर्तकाने इमानदारीने त्याचं "मंडल" केलं. सरसकट बदल करायला जावं तर हिंदी मसुद्यातलं "मंडल" बरोबर आहे. मंडळातल्या एका वहिनींनी मराठी पानं एकेक करत वाचली, चष्मा लावून, आणि प्रत्येक ठिकाणी ल पुसून ळ घातला. "मंडळ", "वेळ", "काळ", "सकाळी". 2004 पासून आम्ही ज्या मराठी मंडळाचे सभासद आहोत, त्याचं नाव नियमावलीत यंदा बरोबर छापलं गेलं.